१०० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर हातकणंगल्याच्या पुढं न्यायचाय : शेवटच्या नऊ किलोमीटरचं काय करायचं?

साइट_सर्जेराव

नमस्कार मंडळी. बडोद्याहून २२०/११० केव्हीचा १०० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर येणार आहे. तेल काढून, बुशिंग, रेडिएटर, कन्झर्व्हेटर वेगळ्या गाड्यांवर घालून मुख्य टाकीचं वजन ८२ टन. लांबी ७.२ मीटर, रुंदी ३.३, उंची ४.०५. हायड्रॉलिक एक्सलचा ट्रेलर ठरलाय, पुलर साधारण २८ टनाचा.

हायवेनं सांगली फाट्यापर्यंत आणि तिथून हेर्ले, चोकाकवरून हातकणंगल्यापर्यंतची मला फार काळजी नाही. पंचगंगेचा पूल लागत नाही, कारण फाटा अलीकडंच आहे. घोर आहे तो मुख्य रस्ता सोडल्यानंतरच्या नऊ किलोमीटरचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या नऊ किलोमीटरमध्ये एका ओढ्यावर दगडी कमानीचा जुना पूल आहे, गाळा ६ मीटरचा. त्याच्यापुढं गावात दूध संस्थेजवळ काटकोनात उजवं वळण. तिथं साडेपाच मीटरचा रस्ता सोडून चार मीटरच्या रस्त्याला लागायचं.

वाहतूकदाराचा सर्व्हे मे महिन्यातला आहे. त्यात पुलासमोर 'सावकाश जावे' आणि वळणासमोर 'शक्य' एवढंच लिहिलंय. ट्रान्सफॉर्मर दिवाळीनंतर निघेल. ८ एक्सल घ्यावेत का १०, यावरच आमचं अडलंय. ज्यांनी असा माल हलवलाय त्यांनी सांगावं.

पुलर_किंग

सर्जेरावभाऊ, उगाच टेन्शन घेताय. गणित सोपं आहे. ८ एक्सलचा ट्रेलर स्वतः ३० टन धरा. अधिक ८२ म्हणजे ११२. भागिले ८, एका एक्सलला १४ टन. नियमानं १८ टन चालतात. पुलर धरून एकूण १४० टन होतात आणि केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या पोर्टलवर १६९ टनांपर्यंत परवानगी सरळ निघते, पूलवार तपासणी लागत नाही. मग ८ च घ्या. ट्रेलर आखूड, वळणाला सोपा. शिवाय सगळे एक्सल वळतात, काटकोन म्हणजे काहीच नाही. वाहतूकदारानं 'शक्य' लिहिलंय ते बरोबरच आहे.

निवृत्त_उपअभियंता

पुलर_किंग यांचा भागाकार बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. १८ टन ही एक्सलच्या एका ओळीवर किती वजन घालायचं याची कायद्यातली मर्यादा आहे. समोरचा पूल किती पेलेल हे ती सांगत नाही. आणि १६९ टनांची सोय आहे ती राष्ट्रीय महामार्गांसाठी. तुमचे नऊ किलोमीटर मंत्रालयाच्या कागदावर नाहीतच. रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकामकडं जावं लागेल. इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडं. पहिल्यांदा रस्ता कुणाचा ते रस्ते नोंदवहीतून काढा. मधल्या काळात रस्त्याचा दर्जा वाढून तो हस्तांतरित झालेला असतो आणि चुकीच्या कार्यालयात अर्ज महिनाभर पडून राहतो.

पुलावर एका वेळी किती ओळी उभ्या राहतात ते पाहायचं असतं. ओळींमधलं अंतर दीड मीटर, गाळा सहा मीटर. म्हणजे चार ओळी एकदम गाळ्यावर येतात. ८ एक्सल घेतले तर चौदा चोक छप्पन टन. १० घेतले तर ट्रेलरचं वजन ३७ टनांवर जातं, एकूण ११९, एका ओळीला ११.९ आणि गाळ्यावर ४७.६ टन. १२ घेतले तर साधारण ४२. ट्रेलर जड होत गेला तरी लहान गाळ्यावरचा भार कमी होत जातो. तुमच्या पुलासाठी हाच आकडा महत्त्वाचा.

पण आकड्याआधी मला पुलाची स्थिती कळू द्या. कमानीच्या माथ्यावर भराव किती आहे? पोटाला आडवी भेग आहे का? २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी पुलावरून गेलं होतं का? पायाशी खोदलं गेलं असेल तर वरचं सगळं गणित फुकट. पाणी उतरल्यावर ओढ्यात उतरून खालून बघा. वरून डांबर बघून पूल कळत नाही.

ऊसवाला_९६

दादा आमच्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळून पंधरवडा झाला. ६३ चा हाय. मोटरी बंद हाईत, आडसाली वाळाय लागली. ह्यो न्यायला परवानगी कुणाची लागती? ट्रॉलीत घालून आम्हीच नेला तर चालंल का?

माधवी_टेस्टिंग

दादा, तुमचा ६३ केव्हीएचा लहान ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला असली कसली परवानगी लागत नाही, साध्या पिकअपमध्ये जातो. पण स्वतः उतरवू नका, जिवाशी खेळ आहे. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्यावर डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या सह्या आणि ग्राहक क्रमांक घाला आणि पोच घ्या. तक्रार नोंदलेली नसेल तर बदलीच्या यादीत नाव लागत नाही.

सर्जेराव, माझं काम ट्रान्सफॉर्मर साइटवर आल्यावर सुरू होतं, म्हणून त्या बाजूनं एक सांगते. टाकीवर इम्पॅक्ट रेकॉर्डर असतो. दोन लावून घ्या, एक बंद पडला तरी दुसऱ्यावर नोंद राहते. कारखान्यातून निघताना त्याची वेळ घड्याळाशी जुळवून घ्या आणि तुमचा माणूस सोबत वही ठेवू दे: अमुक वाजता अमुक गतिरोधक, अमुक वाजता पूल. धक्क्याची नोंद निघाली की तो नेमका कुठं बसला हे वहीशिवाय सांगता येत नाही आणि मग विमा, वाहतूकदार, कारखाना सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. टाकीत कोरडा नायट्रोजन भरलेला असेल, त्याचा दाब प्रत्येक मुक्कामाला वहीत लिहायचा. सकाळी गार हवेत थोडा उतरतो, दुपारी चढतो, ते स्वाभाविक आहे. रोज त्याच वेळेला बघूनही तो उतरतच गेला तर कुठंतरी गळती आहे आणि ओल आत शिरायची भीती आहे. भरलेला जादा सिलिंडर सोबत हवाच.

साइट_सर्जेराव

उपअभियंता साहेब, आज ओढ्यात उतरून आलो. भराव माथ्यावर अंदाजे ६० सेंटिमीटर. पोटाला आडवी भेग दिसली नाही, चुना मात्र बऱ्याच सांध्यांतून निघून गेलाय. हातकणंगल्याकडच्या पायाशी दोन दगड सुटलेत, हाताला हलतात.

आणखी एक गोष्ट वरून कधी लक्षात आली नव्हती. पूल नंतर रुंद केलाय. मूळ कमान साडेपाच मीटर रुंद आणि खालच्या अंगाला साधारण दोन मीटरची काँक्रीटची स्लॅब जोडलेली. वरून सगळं एकसारखं डांबर. जोडावर, पुलाच्या लांबीला धरून, डांबरात एक बारीक चीर आहे.

निवृत्त_उपअभियंता

ओढ्यात उतरलात हे फार चांगलं केलंत. ही चीरच तुमच्या सगळ्या नियोजनाचं केंद्र आहे.

परवानगीत एक अट ठरलेली असते: पुलावर दुसरं वाहन नको, वेग ताशी ५ किलोमीटर, ब्रेक नको, थांबायचं नाही आणि ट्रेलर रस्त्याच्या मधोमध. नवे पूल आयआरसी ६ मधल्या ३८५ टनांच्या खास वाहनासाठी तपासतात, तेव्हाही ते वाहन मध्यापासून फार तर ३०० मिलिमीटर सरकेल असंच धरलेलं असतं. तुमच्याकडं रस्ता साडेसात मीटरचा दिसतो आणि त्याचा मध्य वरच्या कठड्यापासून ३.७५ वर येतो. कमानीचा मध्य २.७५ वर आहे. पूर्ण एक मीटरचा फरक.

ट्रेलर तीन मीटर रुंद. चालकानं अट पाळून डांबराच्या मधोमध गाडी घातली तर त्याची खालच्या अंगाची चाकं ५.२५ वर येतील, जोडापासून जेमतेम वीतभर अंतरावर. थोडा जरी सरकला तरी एक रांग स्लॅबवर. स्लॅब आणि कमान एकत्र वाकत नाहीत. कमान भरावातून भार पसरते, स्लॅब सरळ वाकते. जोडावर एक बाजू खचते, दुसरी तशीच राहते. तुमचा माल एका कडेला झुकतो आणि वजन त्याच कडेला आणखी सरकतं. जोडाची चीर हेच सांगतेय की नेहमीच्या उसाच्या ट्रॉल्यांखालीही दोन्ही भाग वेगवेगळे हलताहेत.

म्हणून कमानीच्या मध्यावर फक्कीनं रेघ मारून घ्या. पुलाच्या दोन्हीकडं किमान ट्रेलरच्या लांबीएवढी ती पुढं न्या, म्हणजे पुलावर येतानाच गाडी सरळ असेल. पुलरच्या समोर एक माणूस आणि मागं एक, दोघांची नजर फक्त रेघेवर. खालच्या अंगाला जोडाच्या अलीकडं वाळूच्या पोत्यांची ओळ लावा.

पायाचे सुटलेले दगड आधी बसवून, सिमेंटचा रस भरून घ्या आणि त्याला मुरायला वेळ द्या. एक्सल १० च घ्या. कमानीला सगळ्यात वाईट जागा माथा नव्हे, पाव गाळ्यावर भार येतो ती. एका बाजूला जड आणि दुसरी मोकळी असली की कमान तिथं उचलायला बघते. लांब ट्रेलरचा भार अधिक पसरतो. चढताना आणि उतरताना मात्र ती अवस्था येतेच, ती टाळता येत नाही. भराव ६० सेंटिमीटर आहे ही त्यातली जमेची बाजू. एवढं करूनही माझ्या शब्दावर जाऊ नका. संरचना अभियंत्याचा लेखी दाखला घ्या, कार्यकारी अभियंता तोच मागतील.

पुलर_किंग

मधोमध आणि कमानीचा मध्य हा फरक मी धरला नव्हता, मान्य. पण साहेब, १० एक्सल म्हणजे पंधरा मीटर ट्रेलर. पूल वाचवायला जाऊन वळणात अडकणार. आणि दिवाळीनंतर ओढ्याला पाणी किती असतंय? पुलाशेजारी ओढ्यात ह्यूम पाईप टाकून मुरूमाचा वळसा करा. पूलच नको, दाखलाच नको. मी तसंच केलं असतं.

निवृत्त_उपअभियंता

वळशाचा पर्याय खरा आहे, नाकारत नाही. पण तिथली माती काळी असेल तर मुरूम गिळत जाते. ११९ टन ओल्या काळ्या मातीत बसले तर पुलापेक्षा मोठं संकट. काठाचा उतारही बघावा लागेल. आधी खड्डा खणून माती बघा.

एक्सल_अप्पा

म्या ट्रेलरच्या मागच्या स्टिअरिंगवर लई वर्सं काढल्यात, म्हून वळणाचं बोलतो. किंगभावा, एक्सल वळत्यात, पर माल वळत न्हाई. डेक सरळच ऱ्हातोय. पुढची चाकं रस्त्यात असली तरी डेकचं मागचं टोक भायेर झाडतंय. आणि तुझा पुलर आणि ड्रॉबार धरलास का? पुलर सात-आठ मीटर, ड्रॉबार चार-पाच. चार मीटरच्या बोळात पुलर सरळ व्हईपतूर मागं ट्रेलर अजून मोठ्या रस्त्यावर आडवा असतोय.

सर्जेरावदादा, त्या वळणाला तीन गोष्टी मोजा. आतल्या कोपऱ्याची भिंत का वटा, त्येचं टोक. भायरच्या अंगाला समोरची मोकळी जागा. आणि गटार. दूध संस्था म्हंजे वटा असणारच, क्यान ठेवायला. वटा जर मीटरभराच्या आत असंल उंचीला तर डेक वर उचलून त्येच्यावरनं झाडून न्हेता येतो, आमी केलंय. पत्र्याचं छप्पर असंल तर न्हाई जमत, माल त्येला लागतोय. गटारावर वीस मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटा. खाली वाळूची पोती गच भरायची, नुसती प्लेट वाकती.

वाहतूकदाराकडनं वळणाचा तक्ता मागून घ्या, १० एक्सलचा, पुलरसकट. त्यो न्हाई दिला तर त्यो 'शक्य' कशावरनं म्हनतोय ते इचारा.

साइट_सर्जेराव

अप्पा, वटा आहेच, कमरेएवढा. वर पत्र्याचं छप्परही आहे, रस्त्यावर साधारण अर्धा मीटर आलेलं. संस्थेच्या सचिवांना भेटलो. छप्पर उतरवून परत बसवून द्यायला ते तयार आहेत, पण सकाळ-संध्याकाळचं दूध संकलन थांबवता येणार नाही म्हणाले. बाहेरच्या अंगाला एकाचा उसाचा फड आहे. तुटला तर कोपरा मोकळा मिळेल.

एक्सल_अप्पा

मग त्यो फडच बघा. शेतकऱ्याला भाडं द्या, कोपऱ्यावर मुरूम पसरा, रोलर फिरवा, म्हंजे वळण निम्मं सोपं. पर तोड कधी येनार ते कारखान्याच्या हातात. तारीख त्येला धरून ठरवा, न्हाईतर ट्रान्सफॉर्मर येऊन हुभा आणि ऊस बी हुभा. आणि शेतकऱ्यासंगं कागद करा, तोंडी नको.

पवनचक्की_वाला

आम्ही साताऱ्याकडं पवनचक्कीची पाती नेली होती. आमची अडचण लांबीची, वजन काहीच नाही. आमच्याकडं तर झाडांच्या फांद्यांनीच जीव खाल्ला. फांद्या छाटायची परवानगी सगळ्यात उशिरा आली, कारण तिच्याकडं कुणी लक्षच दिलं नव्हतं. तुमच्या सर्व्हेत झाडं आहेत का? घाटाचं नियोजन कसं केलंय तेही सांगा.

साइट_सर्जेराव

घाट अलीकडच्या टप्प्यात संपतो, तो वाहतूकदाराच्या नेहमीच्या वाटेवर आहे. झाडं सर्व्हेत नाहीत. एक वडाची फांदी रस्त्यावर आलेली आहे, मोजून सांगतो.

वायरमन_गडहिंग्लज

उंचीचं कुणीच बोललं नाही. माल ४.०५, डेक साधारण १.०५, म्हणजे ५.१० मीटर. डेक पूर्ण खाली घेतला तर पंधरा-वीस सेंटिमीटर वाचतात, पण तेव्हा चाकांना खाली-वर व्हायला जागा उरत नाही. ते तेवढ्या दहा-वीस मीटरपुरतंच करायचं.

रस्ता ओलांडणारी लघुदाब तार नियमानं ५.८ मीटरवर हवी, ११ केव्ही असेल तर ६.१. गावात तशी असतेच असं नाही. सर्व्हेत तार किती लिहिलीय आणि कधी मोजलीय? तार दुपारच्या उन्हात आणि लोड असताना झोळ देते, म्हणून सकाळी सातला मोजलेली उंची दुपारी खरी राहत नाही. दुसरं, मे नंतर रस्त्यावर नवा डांबराचा थर पडला असेल तर तेवढी उंची कमी झाली. मोजणी फायबरच्या काठीनं करा. ॲल्युमिनियमची शिडी नाही की पट्टी नाही.

आणि हात जोडून सांगतो, जिवंत तार बांबूनं वर धरून गाडी काढायची पद्धत बंद करा. बांबू ओला असतो, दव पडलेलं असतं. माणूस ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर उभा राहून तार उचलतो आणि टाकी म्हणजे लोखंड. रीतसर अर्ज द्या, शटडाऊन घ्या, लाइनमन सोबत घ्या. नऊ किलोमीटरमधल्या सगळ्या तारांची यादी खांब क्रमांकासह करून दिली तर आमच्या कार्यालयाला टप्प्याटप्प्यानं बंद करता येतं. 'गावातली लाइन बंद करा' असा अर्ज आला की तो पुढं सरकत नाही, कारण तिच्यावर पाणीपुरवठा असतो, दवाखाना असतो.

साइट_सर्जेराव

सर्व्हेत सगळ्यात खालची तार ५.३० आहे. वेळ लिहिलेली नाही. गणपतीआधी रस्त्यावर डांबर पडलंय, हे मात्र नक्की. म्हणजे मेचा सर्व्हे उंचीच्या बाबतीत आता धरता येत नाही. पुन्हा मोजतो, दुपारी दोन वाजता.

माधवी_टेस्टिंग

पुढं पायलट गाडी असेल ना, तिच्यावर ५.२५ मीटरचा फायबरचा दांडा उभा बांधा, टोकाला घंटी किंवा हलकी पट्टी. दांडा लागला तर तिथंच थांबायचं. ही गाडी ट्रेलरच्या दहा-वीस मीटर पुढं नको, निदान दोनशे-तीनशे मीटर हवी. ट्रेलरला मागं घेणं किती अवघड असतं ते अप्पांना विचारा.

साइट_सर्जेराव

एस्कॉर्टबद्दल विचारतोच. पोलिसांची वाहतूक शाखा विचारते की कुठली वेळ. मला रात्री अकरानंतर बरं वाटतं, रस्ता मोकळा असतो.

एक्सल_अप्पा

हायवेला रात चालंल. गावात आणि पुलावर दिवसा. रेघ रातचं दिसत न्हाई, मागचं टोक दिसत न्हाई.

ऊसवाला_९६

मॅडम, अर्ज दिला, पोच घेतली. आभारी हाय. आणि साहेब, सीझनमधी रातचं रस्ता मोकळा नसतोय. आमच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रातभर चालू असत्यात, बैलगाडीला मागं दिवा नसतो. कारखान्याच्या गेटजवळ तर दोन-दोन किलोमीटर लाइन. आदल्या दिवशी कारखान्याच्या शेती ऑफिसला सांगा, त्या रस्त्यानं येणाऱ्या टोळ्यांची तोड ते एक दिवस दुसरीकडं वळवत्यात.

निवृत्त_उपअभियंता

ही माहिती कुठल्याच सर्व्हेत येत नाही, धन्यवाद. पोलिसांना वेळ देताना टप्पे करून द्या: हातकणंगल्याच्या अलीकडं मोकळ्या जागेत मुक्काम, सकाळी संकलन आणि शाळेची वेळ उलटली की निघायचं, पूल साडेअकराच्या आत, वळण दुपारी. पुलावरची वाहतूक दोन्हीकडून रोखायला माणसं फाट्यांवर लागतील, पुलाच्या तोंडाशी उभी करून उपयोग नाही. तिथं आलेल्या गाड्या परत फिरू शकत नाहीत. आठवडी बाजाराचा दिवस टाळा.

पुलर_किंग

दुपारी वळण म्हणजे तारा सगळ्यात खाली असताना. वायरमन दादांचं ऐकलं तर ते उलट होतंय. आणि वळशाचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. दाखला मिळायला जेवढे दिवस जातील तेवढ्यात वळसा होईल.

वायरमन_गडहिंग्लज

शटडाऊन घेतल्यावर तार सोडून बाजूला घेता येते, मग झोळ असला काय नसला काय. पण तेवढा वेळ आधी मागून ठेवा. वळणावरच्या तारा सोडून परत जोडायला आमच्या माणसांना अर्धा दिवस लागेल, म्हणजे संध्याकाळच्या संकलनाला वीज नसेल. संस्थेत बल्क कूलर असेल तर जनरेटर बघा.

साइट_सर्जेराव

बल्क कूलर आहे. जनरेटरचं सचिवांशी बोलतो.

आता ठरवल्याप्रमाणं: १० एक्सलचा वळणाचा तक्ता वाहतूकदाराकडं मागितलाय. नोंदवहीत रस्ता जिल्हा परिषदेकडं दिसतोय, पण पुलाच्या रुंदीकरणाचं काम सार्वजनिक बांधकामनं केल्याचं गावातले म्हणतात, त्यामुळं दोन्हीकडं अर्ज देतोय. उद्या वळशाच्या जागी खड्डा खणून माती बघणार आहे. काळी लागली तर वळसा बाद. मुरूम लागला तर दोन्ही पर्यायांचा खर्च इथं टाकतो. साहेब, एक विचारायचं राहिलं: सांधे भरल्यावर दाखल्याआधी उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या उभ्या करून पुलाची चाचणी घेता येईल का?

निवृत्त_उपअभियंता

घेता येते, पण नुसत्या ट्रॉल्या उभ्या करून नव्हे. माथ्याखाली आणि दोन्ही पाव गाळ्यांवर किती मिलिमीटर खाली गेलं आणि भार काढल्यावर किती परत आलं ते डायल गेजनं मोजावं लागतं. एका ट्रॉलीचा भार तुमच्या ४७.६ टनांच्या जवळपासही जात नाही, म्हणून तेवढ्यावरून दाखला कुणी देणार नाही. मात्र जोडाच्या दोन्ही बाजूंना गेज लावा. स्लॅब आणि कमान यांच्यात किती फरक पडतो ते ट्रॉलीखालीही कळेल. कोल्हापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागात चौकशी करा. भराव किती उंच ते खणून नक्की मोजा, ६० हा तुमचा अंदाज आहे. ४० निघाला तर मी १२ एक्सल म्हणेन आणि मग अप्पांचं वळण पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल.